एकानं काय होतंय?

आमच्या सदाला पेढ्यांचा बॉक्स उघडायला निमित्त लागत नाही. भाच्याची मुंज, शेजाऱ्याची नवी स्कूटर, साहेबांची बदली (हे पेढे जरा जास्तच गोड असतात). नकार हा त्याच्या लेखी आग्रहाचा पहिला टप्पा. आधी "एकानं काय होतंय?", मग "अरे, गुळाचं आहे", आणि शेवटी "तुझ्या वहिनीनं तुझ्यासाठी म्हणून बाजूला काढून ठेवलंय." या तिसऱ्या अस्त्रापुढे भलेभले आडवे होतात. तरीही मी नको म्हटलं, तेव्हा त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "शुगर निघाली का रे?" गोड नाकारायला आपल्याकडे एवढंच एक कारण चालतं.

"काही निघालेलं नाही," मी म्हटलं. "पोटावरची चरबी थोडी उतरवायचीय, एवढंच. तू बँकेतला माणूस, तुझ्याच भाषेत सांगतो. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7,700 कॅलरी. मी रोज लागतं त्यापेक्षा 300 कमी खातो. म्हणजे पंचवीसेक दिवसांत एक किलो. आता तुझा एक पेढा साधारण 80 चा."

"बघ! फक्त 80!"

"पण तू एक कधी देतोस? एकटा पेढा देऊ नये म्हणून दुसरा देतोस. झाले 160. माझ्या 300 मधले उरले 140. हे रोज चाललं तर तोच किलो उतरायला जवळजवळ दोन महिने."

"मग संध्याकाळी चाल की दोन किलोमीटर!"

"माझ्या वजनाला किलोमीटरमागे पन्नास-साठ कॅलरी जळतात. तुझे दोन पेढे फेडायला तीन किलोमीटर. खाताना अर्धं मिनिट, फेडताना पाऊण तास. आणि गुळाचं म्हणशील, तर गुळात साखरेइतक्याच कॅलरी, जरा उन्नीस-बीस. खव्यातलं तूप तर गूळ घातला म्हणून कुठं जात नाही."

सदाचा चेहरा एवढासा झाला. माझ्यामुळे जगातला गोडवा संपणार, असं काहीतरी त्याला वाटलं असावं. म्हणून लगेच सांगितलं, "गोड सोडलेलं नाही रे. शरीर एका दिवसाचा हिशेब धरून बसत नाही, आठवड्याची गोळाबेरीज बघतं. रविवारचं गोड मी आधीच हिशेबात धरलंय. वहिनींच्या हातची पुरणपोळी, वर तूप, बसून, चवीनं. दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर गेला तरी घाबरायचं नाही. एका जेवणानं किलोभर चरबी चढत नाही, त्यात बरंचसं पाणी असतं. मंगळवारी फाइल चाळता चाळता तोंडात टाकलेल्या पेढ्याची मात्र मला चवसुद्धा आठवत नाही."

सदा बराच वेळ गप्प राहिला. आकडे त्याला पटले होते, हे दिसत होतं. मग बॉक्स पुढे सरकवून म्हणाला, "ठीक आहे. हे दोन रविवारच्या खात्यातली उचल म्हणून घे."