मात्रेकाका

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण वाचनालयात त्यांना कोणी त्या नावानं हाक मारत नाही. अनुस्वार दिसला की त्याच्या जागी मात्रा दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून ते मात्रेकाका. असा एक गृहस्थ प्रत्येक गावात असतो. लग्नपत्रिका हातात आली की हा वधूवरांची नावं नंतर वाचतो, ‘आयोजिले’ आहे की ‘आयोजिलं’ हे आधी बघतो. स्मरणिका निघायची ठरली की कोणी न बोलावता लाल पेन घेऊन हजर होतो आणि चहा झाल्यावर विचारतो, “मजकूर कुठंय?”

गंमत अशी की काका बोलताना तुमच्याआमच्यासारखंच बोलतात. “मी तुला किती वेळा सांगितलं, सांगितले असं लिहायचं म्हणून!” हे वाक्य त्यांच्या तोंडून पुतणीनं, म्हणजे मंजूनं, लहानपणापासून ऐकलंय. तिनं एकदा विचारलं, “मग तुम्ही सांगितले का म्हणत नाही?” काका म्हणाले, “मी काय आकाशवाणीवर बातम्या देतोय?” यात विसंगती आहे असं त्यांना वाटत नाही, आणि खरं म्हणजे ती नाहीच. बोलायचं ‘केलं’ आणि औपचारिक लेखात लिहायचं ‘केले’, हा मराठीचा जुना शिरस्ता आहे. काकांचा घोळ पुढं सुरू होतो.

यंदाच्या स्मरणिकेत ‘वाचनालयाची वाटचाल’ हा लेख लिहायचं काम मंजूकडे आलं. तिनं झरझर लिहिलं: “त्या वर्षी वाचनालयानं नवं दालन बांधलं, जुनी पुस्तकं शिवून घेतली आणि देणगीदारांचे आभार मानले.” काकांनी चष्मा वर केला, पेन खाली आणलं. वाचनालयानं झालं वाचनालयाने, नवं झालं नवे, बांधलं झालं बांधले, पुस्तकं झाली पुस्तके. इथवर सगळं चोख. काकांची एक गोष्ट मात्र मानायला हवी, ते अर्ध्यावर सोडत नाहीत. एरवी लोक ‘दालन उभं केले’ असं लिहून मोकळे होतात, विशेषण घरचं आणि क्रियापद सभेचं. काका म्हणतात, एक रूप बदललं की वाक्यातली त्याची सगळी भावकी बदला.

‘आभार मानले’पाशी पेन थबकलं. मात्रा आधीच होती! आभार पुल्लिंगी आणि अनेकवचनी. त्यांच्यापुढं बोलतानाही ‘मानले’च येतं, ‘आभार मानलं’ कोणी म्हणत नाही. आंबे आणले, पैसे दिले, पाहुणे गेले, हे घरात आणि लेखात सारखंच. बदलतं ते मुख्यतः नपुंसकलिंगी एकवचनाचं रूप. तिथं काहीच सुधारायला नाही याचं काकांना जरा वाईट वाटलेलं दिसलं.

पुढच्याच परिच्छेदात बाकड्याची भानगड निघाली. वाचनालयाची सुरुवात एका उसन्या बाकड्यावर झाली होती. मंजूनं लिहिलं होतं: “संस्थापकांनी शाळेतून एक बाकडं आणलं. ते पार मोडकळीला आलं होतं.” काकांच्या हाताखालून ते असं बाहेर पडलं: “संस्थापकांनी शाळेतून एक बाकडे आणले. ते पार मोडकळीस आले होते.”

मंजूनं मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “कोण मोडकळीस आले होते?”

“बाकडे.”

“का संस्थापक?”

काका गप्प. भिंतीवर संस्थापकांची तसबीर होती, आणि तब्येतीनं ते बेताचेच होते.

मंजूचं म्हणणं बिनतोड होतं. बोलीत ‘ते आलं होतं’ म्हटलं की बाकडं आणि ‘ते आले होते’ म्हटलं की आदरणीय माणूस, असा चोख भेद आहे. जुन्या लेखनातही तो होता. बाकड्यासाठी ‘तें मोडकळीस आलें होतें’ असे मात्रेवर अनुस्वार यायचे आणि माणसं बिनअनुस्वाराची राहायची. उच्चारात नसलेले असे अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकले. लिहिणाऱ्यांचा त्रास वाचला, पण लेखातलं बाकडं आणि लेखातले संस्थापक एका पंगतीत बसले. तेव्हा ‘केलं’ हा गबाळेपणा आहे, ही काकांची ठाम समजूत तपासून बघण्यासारखी आहे. त्या टिंबाला आपलं काम नीट ठाऊक असतं. काकांनी शेवटी ‘ते बाकडे पार मोडकळीस आले होते’ अशी दुरुस्ती केली. औपचारिक लेखात यावर हाच सरळ उपाय आहे, सर्वनाम सोडावं आणि नाम पुन्हा लिहावं. पण दुरुस्ती आपल्याला आधीच सुचली होती असा चेहरा काकांनी केला.

पहिल्या ग्रंथपालांची आठवण आली तिथं मात्र ते हट्टालाच पेटले. हे ग्रंथपाल बाइंडरही होते आणि तोंडानं फटकळ. मंजूनं त्यांचं वाक्य अवतरणात दिलं होतं: “पुस्तक फाटलं तर आधी मला दाखवायचं, घरी डिंक लावायचा नाही!” काकांनी ‘फाटले’ आणि ‘दाखवायचे’ केलं. फटकळ म्हातारा एकदम जिल्हाधिकाऱ्यांसारखा बोलू लागला. मंजूनं नियमांची पुस्तिकाच समोर धरली. पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा असेल तेव्हा ‘केलं’, ‘म्हटलं’, ‘सांगितलं’ अशी अनुस्वाराचीच रूपं द्यावीत आणि एरवी ‘केले’, ‘म्हटले’ लिहावं, असं तीत छापलेलं आहे. काकांनी पुस्तिका उलटीपालटी करून कोणत्या सालची आवृत्ती आहे ते पाहिलं, मग “ठेव” म्हणाले.

एवढ्यात कार्यवाह आले. त्यांना छापखान्याची घाई. त्यांनी काकांना कानमंत्र दिला, “एकेक काय करताय? कॉम्प्युटरवर एकदम बदला. लं शोधायचं, ले घालायचं, झालं.” काकांना हे विज्ञान फार आवडलं. एका बटणात सगळ्या लेखात मात्रा! बटण दाबलं गेलं.

प्रूफ आलं तेव्हा गणेशोत्सवातल्या लंकादहनाच्या देखाव्याचं ‘लेकादहन’ झालं होतं. श्रीलंकेची सहल ‘श्रीलेके’ला गेली होती. अलंकारांवरच्या व्याख्यानाचं ‘अलेकार’, इमारतीला झालेल्या विलंबाचं ‘विलेब’, आणि ग्रंथपालांच्या तोंडचं ‘फाटलं’ पुन्हा ‘फाटले’. यंत्राला शब्द कुठं संपतो ते कोणी सांगितलंच नव्हतं. मग ‘लं’च्या पुढं रिकामी जागा असेल तिथंच बदला, असं ठरलं. त्यानं लंका वाचली, पण ‘केलं.’ आणि ‘बांधलं,’ निसटले, कारण त्यांच्यापुढं विरामचिन्हं होती. ‘केलंय’ आणि ‘झालंच’ तर कशातच बसेनात. शेवटी काका आणि मंजू लाल पेन घेऊन समोरासमोर बसले. ती मोठ्यानं वाचायची आणि ते कागद बघायचे. कार्यवाह मध्येमध्ये घड्याळ बघायचे.

स्मरणिका वेळेवर निघाली. प्रकाशनाच्या दिवशी काकांनीच तो लेख वाचून दाखवला. कागदावर ‘दालन बांधले’ होतं आणि तोंडून ‘दालन बांधलं’ येत होतं. मंजूनं दुसऱ्या रांगेतून भुवया उंचावल्या. काकांनी तिकडं बघायचं टाळलं.

हल्ली त्यांना नवा शत्रू मिळालाय. नातू फोनवर अनुस्वारही देत नाही आणि मात्राही. परवा त्याचा निरोप आला: “आजोबा नळाला पाणी आल”. काकांनी चष्मा पुसला आणि सावकाश उत्तर टाइप केलं: “आलं. निरोपात अनुस्वार चालेल, लेखात आले लिहावे. नुसते आल म्हणजे काहीच नाही.” हे पाठवेस्तोवर नातवाचा दुसरा निरोप येऊन पडला होता.

“गेल”.

“गेलं,” काकांनी लिहिलं, आणि रिकामी बादली तशीच राहिली.