पाटलीची घट : घरगुती तपासाची मार्गदर्शिका

जुन्या पाटल्या मोडून नव्या करायचं ठरतं. पाटल्या सराफाच्या काट्यावर चढतात आणि काट्यावरचा आकडा बिलावरच्या आकड्याहून कमी निघतो. तिथून पुढे घरात जे सुरू होतं त्याला तपास म्हणतात, पण त्यात पंचनामा नसतो, पुरावा नसतो, असतात फक्त आरोपी. हा दोष दूर व्हावा म्हणून ही मार्गदर्शिका.

सर्वप्रथम संशयितांची यादी करावी. रूढ क्रम असा : मूळ सराफ, मध्ये कधीतरी उजाळा देणारा, कडी जोडून देणारा कारागीर, आणि भाच्याच्या लग्नात चार दिवस पाटल्या घालायला नेलेली धाकटी जाऊ. नावं पेन्सिलीने लिहावीत. का ते पुढे कळेल.

दुसरं काम बिल शोधण्याचं. बिल जितकं जुनं तितकं सापडण्याची आणि वाचता येण्याची शक्यता जास्त. कार्बन लावून लिहिलेलं जुनं बिल कपाटाच्या खणात, लग्नाच्या याद्यांखाली, पिवळं पडून का होईना, शाबूत असतं. अलीकडची मशीनमधून निघालेली गुळगुळीत चिठ्ठी मात्र दोन-तीन उन्हाळ्यांत कोरी होते. ती घरी आणल्या दिवशीच तिचा फोटो काढावा. कोऱ्या कागदावर भांडण उभं करता येतं, पण जिंकता येत नाही.

बिल सापडलं की सगळे तळाचा मोठा आकडा वाचतात. तो वाचू नये. वरच्या ओळी वाचाव्यात. ‘एकूण वजन’ म्हणजे सोनं, खडे, मणी, लाख, सगळं मिळून. ‘निव्वळ वजन’ म्हणजे फक्त सोनं. मंगळसूत्राच्या बाबतीत या दोहोंतला फरक काळ्या मण्यांचा असतो. ठुशी, वज्रटीक, पोकळ वाट्या यांच्या पोटात लाख असते. लाखेचं वजन सोन्यात धरून बोलणारी माणसं तुमच्याही घरात निघतील. त्यांना यादीत घ्यावं.

याच्याही खाली कधी कधी ‘घट’ म्हणून एक ओळ असते. दागिना घडवताना कापणं, कानस मारणं, तापवणं यात सोनं उडतं, त्याची भरपाई म्हणून सराफ निव्वळ वजनावर काही टक्के चढवतो. घडणावळ काही ठिकाणी रुपयांत लावतात, काही ठिकाणी अशी वजनात. वजनात लावली की बिलाच्या तळाशी एक फुगलेला आकडा येतो आणि घराण्यात तोच पाठ होतो. म्हणजे पाटलीची पहिली घट ती हातात चढण्याआधी झालेली असते, तिचे पैसेही तुम्ही दिलेले असतात, आणि पंचवीस वर्षांनी आळ जावेवर येतो.

बिल आजेसासूच्या काळातलं असेल तर त्यातला तोळा 11.664 ग्रॅमचा असतो. हल्ली दुकानात ‘तोळा’ म्हणतात तो 10 ग्रॅमचा. तीन तोळ्यांत यामुळे पाच ग्रॅमचा फरक पडतो, पण तोंडी हिशेबात तोही चोरीतच जमा होतो. दागिना 1963 ते 1966 या काळातला असेल तर आणखी सावध राहावं. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना आलेल्या सुवर्ण नियंत्रणामुळे नवा दागिना 14 कॅरेटच्या वर घडवायला बंदी होती. त्या काळातल्या आजीच्या बांगडीत 22 कॅरेट शोधणारा नातू कायद्याचा अभ्यास न करताच भांडत असतो.

आता वजन करू. स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमने उड्या मारतो, त्यामुळे तो रव्यासाठीच ठेवावा. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा बाजारात मिळतो. काटा खरा बोलतो का हे पाहायला 2011 च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ठेवावं, ते 3.79 ग्रॅमचं असतं. नाणंही हाताळून झिजतं, म्हणून त्यातल्या त्यात नवं दिसणारं घ्यावं. पंखा बंद करावा. वाऱ्याने आकडा हलतो आणि त्याच वेळी घरातलं कुणीतरी ‘बघा, कमी झालं’ म्हणून ओरडतं.

वजनाआधी दागिना धुणं सक्तीचं आहे. रोजच्या वापरातल्या पाटलीच्या नक्षीत वाळलेली कणीक, साबण, हळद-कुंकू आणि तेल यांचा थर बसलेला असतो. काट्याला हा थर सोन्याइतकाच मान्य असतो. कोमट पाणी, रिठा किंवा सौम्य साबण, मऊ ब्रश, मग पूर्ण सुकवणं. पाटली अधिक चमकावी म्हणून राखेने किंवा दंतमंजनाने घासू नये. त्याने मळही जातो आणि सोनंही. दोऱ्यात ओवलेलं मंगळसूत्र धुऊन लगेच वजनाला लावू नये, दोरा पाणी पितो.

धुऊन झाल्यावर भिंग घेऊन झीज कुठे झाली ते बघावं. ती सगळीकडे सारखी होत नाही. पाटलीची बाहेरची कड गुळगुळीत झालेली दिसते, नक्षीतल्या पानांच्या शिरा बुजतात, आतली बाजू मात्र बरीचशी तशीच राहते. साखळीत उलटं. तिथे प्रत्येक कडी शेजारच्या कडीला जिथे अडकते, तिथे आतून खाच पडते. कडी सैल करून उजेडात धरली तर तार एका जागी निम्मी झालेली दिसते. साखळी तुटते ती तिथेच, आणि तुटेपर्यंत वरून बघणाऱ्याला ती ठणठणीत वाटते.

झिजवतं कोण? मुख्य आरोपी वाळू, राख आणि काच. 22 कॅरेट सोनं मऊ, काच त्याहून बरीच कठीण. काचेच्या बांगड्यांच्या मध्ये सोन्याची बांगडी घालण्याची आपली पद्धत दिसायला देखणी आहे, पण हात हलला की कठीण काच मऊ सोन्याला घासते. सोन्याला सोनं घासलं तरी दोन्ही झिजतात. ही जी पूड निघते ती मोरीत, केरात, पदरात जाते आणि कायमची हरवते. सराफकट्ट्यावर असं होत नाही. तिथल्या गटारातला गाळ आणि दुकानांतला केर धुऊन झारेकरी त्यातून सोनं काढतात. तुमच्या मोरीकडे कुणी झारेकरी फिरकत नाही, एवढाच फरक.

किती झिजतं याचा हिशेब एका माणसाने लावून ठेवला आहे. गेओर्ग श्टाइनहाउझर हे व्हिएन्नाचे रसायनशास्त्रज्ञ. लग्न झाल्यावर त्यांनी आपली 18 कॅरेटची अंगठी वर्षभर दर आठवड्याला प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवली. आपल्याकडे नवऱ्याने असं केलं असतं तर सासरच्यांनी बैठक बोलावली असती. साडेपाच ग्रॅमच्या त्या अंगठीने वर्षभरात सहा मिलिग्रॅमच्या आसपास वजन गमावलं, म्हणजे सुमारे 0.11 टक्के. हे संशोधन 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. बागकाम आणि वाळूचा किनारा अंगठीला विशेष महागात पडला. आपल्याकडची रोज भांडी घासणारी बांगडी त्याहून जास्त झिजेल, लग्नाकार्यापुरता बाहेर निघणारा तोडा जवळजवळ झिजणारच नाही. तपासात हा आकडा मोजपट्टीसारखा वापरावा. पंचवीस वर्षांत दीड-दोन, फार तर तीन-चार टक्के गेले तर ती झीज. पेटीतल्या तोड्याचे दहा टक्के गेले तर मात्र यादी काढावी.

त्या यादीत उजाळा देणाऱ्याचं नाव ठेवायला जागा आहे. फिरत्या बफावर दागिना धरला की चकाकीबरोबर थोडं सोनं जातंच. पण काही जण दागिना तेजाबात बुडवतात. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या त्या मिश्रणात सोनं विरघळतं, दागिना लखलखीत होऊन परत येतो, आणि गेलेलं सोनं त्याच्या भांड्यात शिल्लक राहतं. खास करून दारावर येणाऱ्यांकडून उजाळा घेऊ नये. दुकानात दिलात तर आधीचं आणि नंतरचं वजन पावतीवर लिहून मागावं.

आता समजा, हॉलमार्क सक्तीचा होण्याआधीची एक पाटलीची जोडी आहे. घरात सगळ्यांना पाठ असलेला आकडा 42.40 ग्रॅम, 22 कॅरेट. बिल काढून वाचलं तर निव्वळ वजन 40 ग्रॅम आणि त्यावर सहा टक्के घट, म्हणजे 2.40. धुऊन केलेलं आजचं वजन 39.38. इथवर झीज किती झाली? तीन ग्रॅम नव्हे, 0.62. पंचवीस वर्षांत दीड टक्का. जावेचं नाव इथे खोडावं.

मग सराफ टंच काढतो. मशीनवर कुठे 91 दिसतं, कुठे 87. हे मशीन फक्त वरचा पातळ थर बघतं, म्हणून एका जागच्या आकड्यावर समाधान मानू नये. खात्री करायची तर दागिना तुमच्या डोळ्यांसमोर मुशीत आटवावा, लगड करावी आणि तिचा टंच काढावा. समजा तो आला 88.5. 22 कॅरेटला हवेत 91.6. कमी कशाने आला? जोडांना लावलेल्या डाखाने. जुना डाख तांबं-चांदी जास्त असलेल्या हलक्या सोन्याचा असायचा. जोड जितके जास्त तितका आटवलेल्या लगडीचा टंच खाली. पुढे कॅडमियमचा डाख आला, तेच ते केडीएम. त्याने टंच टिकायचा, पण त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसात जायचा.

88.5 टंचाचे 39.38 ग्रॅम म्हणजे 22 कॅरेटच्या भाषेत 38.05 ग्रॅम. घराण्याच्या आठवणीतल्या 42.40 मधून 4.35 ग्रॅम गेले. त्यांतले 2.40 कधी पाटलीत नव्हतेच. 1.33 हे 22 कॅरेट म्हणून विकले गेले आणि पहिल्या दिवसापासून तांबं-चांदी होते. खरोखर झिजले ते फक्त 0.62. तपास मात्र घरोघरी त्या 0.62 चाच होतो, कारण बाकीच्या दोन रकमा कागदावर असतात आणि कागद वाचायचा कंटाळा येतो.

दागिना हॉलमार्कचा असेल तर टंचाचा वाद बराच कमी होतो. 2021 पासून हळूहळू सक्ती झाली, आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-आकड्यांच्या HUID शिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. पण ती खूण शुद्धतेची आहे, वजनाची नव्हे. वजनाची साक्ष बिलच देणार, तेव्हा खण आवरताना ते रद्दीत घालू नये.

राहिला एक प्रकार, ज्याची तक्रार कुणीही करत नाही : वजन वाढलेलं निघणं. पाटली नीट धुतली, पंखा बंद आहे, नाणं 3.79 च दाखवतंय, आणि तरी बिलापेक्षा दोन-तीन दशांश ग्रॅम जास्त. घरात आनंद होतो, वास्तूची भरभराट वगैरे निष्कर्ष निघतात. अशा वेळी दागिना पालथा करून जोड शोधावा. कुठेतरी पिवळ्याहून जरा फिकट किंवा लालसर रेघ दिसेल. तिथे कधीतरी चीर गेली होती आणि कारागिराने भरघोस डाख ओतला होता. वजन वाढलंय ते तांब्याचं, आणि मोडताना टंच काढल्यावर तेवढं परत जाणार आहे. दुरुस्तीची पावती सापडली तर बिलालाच टाचून ठेवावी.