हातवर काका

मुलांच्या जलतरण स्पर्धेला एकदा तरी गेला असाल, तर हे गृहस्थ तुम्हाला भेटलेलेच आहेत. गळ्यात स्टॉपवॉच, डोक्यावर कुठल्याशा जुन्या स्पर्धेची टोपी, आणि बसण्याची जागा नेमकी तुमच्या शेजारची. ते ना प्रशिक्षक, ना पंच, ना आयोजक. यांचा स्वतःचा मुलगा केव्हाच पोहणं सोडून नोकरीला लागलेला असतो. तरी हे येतात, आणि आपण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात.

यांची एक खोड मात्र फार वाईट. तलावाच्या काठावर पांढऱ्या कपड्यात फिरणाऱ्या पंचाला काही चूक दिसली की तो एक हात सरळ वर करतो. म्हणजे या लेनमध्ये नियम मोडला, आता कागद भरायचा. आमच्या काकांनी हे उचललं. पंचाच्या आधी यांचा हात वर. कँटीनच्या रांगेत कोणी मध्ये घुसला, हात वर. तोंडाने एक अक्षर नाही. एका लग्नात नवऱ्या मुलाने मोबाइल सांभाळत एकाच हाताने हार घातला, तर मागच्या रांगेतून हा हात उगवला आणि गुरुजी मंत्र विसरले. काकू बिचाऱ्या स्वयंपाकघरातही निर्धास्त नाहीत म्हणे.

परवा त्यांच्या तावडीत एक नवं जोडपं सापडलं. नऊ वर्षांच्या मुलीची पहिलीच स्पर्धा, 25 मीटरचा तलाव, 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोक. म्हणजे चार लांब्या, तीन टर्न. पहिल्याच टर्नला काकांचा हात वर गेला. पाठोपाठ टर्न जजचा गेला. आईबाबांचं लक्ष नव्हतं, कारण पोरगी पुढे होती. चूक झाली म्हणून पोहणाऱ्याला मध्येच थांबवत नाहीत, सगळी शर्यत पुरी करू देतात. हा खेळ त्या बाबतीत मोठा निर्दय आहे. पोरगी दुसरी आली. बाबांनी व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, आत्याचे अंगठे आले, आणि मग निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे वेळेऐवजी दोनच अक्षरं आली : डीक्यू.

"पण ती बुडली नाही, थांबली नाही, कोणाला धडकली नाही!" बाबा.

"उजवा हात लागला. डावा लागलाच नाही," काका.

इथून पुढची वीस मिनिटं मी आयुष्याकडे परत मागणार आहे. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये प्रत्येक टर्नला आणि शेवटी भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. एक हात थोडा वर, एक खाली, चालतं. पण दोन्ही वेगवेगळे हवेत. प्रसाद घेताना उजव्या हाताखाली डावा धरतो, तसं इथे नको. आता मुलं एक हात का विसरतात? तर भिंत कधीच हिशेबात येत नाही. हात पूर्ण ताणले गेले आणि भिंत अजून अर्ध्या स्ट्रोकवर आहे, तिथे मूल गोंधळतं. मनाने ते वळलेलंच असतं. डावा खांदा खाली जातो, डावा हात परतीच्या वाटेला लागतो, भिंतीला पोचतो एकटा उजवा. हे सगळं काकांनी बसल्या जागी करून दाखवलं आणि त्या डाव्या हाताने माझा चहा सांडला.

"मग तिने एक लाथ जास्त मारायची!" आईने तोडगा काढला.

काकांचा हात वर. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये एकदा हात, मग एकदा पाय, याच क्रमाने जायचं. नुसती जादा लाथ मारली तर तोही डीक्यू. उलट भिंतीपाशी पायाशिवाय नुसता हातांचा एक आखूड स्ट्रोक मारलेला चालतो. तेवढ्यावर भागतं; पण हे कळायला टर्न शंभरदा घोटावा लागतो, आणि मुलांना सराव म्हणजे नुसतं पुढे पोहणं वाटतं.

पुढची शर्यत बॅकस्ट्रोकची होती, त्यामुळे सुटका नव्हती. भिंतीपासून 5 मीटरवर, पाण्याच्या वर आडव्या झेंड्यांची दोरी असते, ती तोरण नव्हे. उताण्या पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही, म्हणून तो झेंडे दिसल्यापासून हात मोजतो. टर्न घेताना पालथं व्हायला परवानगी आहे, पण पालथं झालं की लगेच, न थांबता, हाताच्या एकाच ओढीत कोलांटीला सुरुवात व्हायला हवी. ज्या मुलाच्या रोजच्या तलावावर झेंडेच नाहीत, ते अंदाजाने लवकर पालथं होतं, भिंत लांब राहते, मग बिचारं पोटावर पाय मारत तिथवर जातं. "बघा, बघा, चार नंबर!" काका आनंदाने म्हणाले. चार नंबरची आजी आमच्या मागेच बसली होती.

बाबांना मात्र दाद मागायची होती. व्हिडिओ आहे म्हणाले. काका म्हणाले, तक्रार लेखी द्यायची, शर्यत संपल्यापासून 30 मिनिटांत, अनामत भरून. फेटाळली की अनामत गेली. आणि मग त्यांचा आवडता किस्सा आलाच. 2004, अथेन्स ऑलिंपिक, 200 मीटर बॅकस्ट्रोक. अमेरिकेचा एरन पीरसोल पहिला आला आणि टर्नच्या चुकीसाठी बाद झाला. थोड्या वेळाने सुवर्णपदक परत त्यालाच! का, तर पंचाने कागदावर कारण पुरेसं लिहिलं नव्हतं, आणि लिहिलं तेही ठरलेल्या भाषेत नव्हतं. "तेव्हा लढायचं तर कागदाशी लढा. पण इथे कागद बरोबर आहे. मी पाहिलंय."

हे ऐकून मला त्या माणसाचा मनापासून राग आला. शेजारी पोरगी टॉवेलात तोंड खुपसून रडत होती आणि हा कागदाचं कौतुक करत होता. एवढ्यात काकांनी खिशातून चिठ्ठ्यांचं चोपडं काढलं, स्टॉपवॉच पाहून काही खरडलं आणि चिठ्ठी पोरीच्या हातात दिली. त्यावर लिहिलं होतं : 1:58.4. डीक्यू झालं की निकालात वेळ छापत नाहीत. ती पोरं इतकं पोहतात आणि आपण किती वेगात पोहलो हे घरी घेऊन जायला त्यांच्याकडे काही नसतं. म्हणून हात वर केला की काका त्या लेनचं घड्याळ बंद करत नाहीत, शेवटपर्यंत चालू ठेवतात. त्या चोपड्यात सगळी बाद झालेलीच पोरं होती. चार नंबरची चिठ्ठी तोवर आजीकडे पोचलीही होती.

पोरीने आकडा दोनदा वाचला. "सरांनी दोनच्या आत सांगितलं होतं," ती नाक पुसत म्हणाली, आणि 50 मीटर फ्रीस्टाइलच्या हीटसाठी पळाली.

बाबा आता पुरते सावध झाले होते. मुलं ठोकळ्यांवर चढली तसं त्यांनी हळूच विचारलं, "यात काय काय बघायचं?"

"भोंग्याआधी हलली तर बाद, म्हणून तोवर श्वाससुद्धा हळू घ्या. टर्नला भिंतीला काहीही लागू दे, पाय लागला तरी चालतो. दमली तर मध्ये उभी राहू दे, फक्त चालायचं नाही आणि दोरी ओढायची नाही."

भोंगा झाला. सगळ्या पोरी पाण्यात पडल्या. बाबा वाकून लेकीचे हात तपासू लागले.

"अहो, फ्रीस्टाइल आहे," काका म्हणाले. "ओरडा आता."