काका, ताळेबंद जुळत नाही

घरात एक उद्योजक पुतण्या असला की निवृत्त बँक अधिकाऱ्याला निवृत्ती लाभत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी 11 वाजता बँकेत भेट ठरलेली, आणि हे चिरंजीव आदल्या रात्री जेवणाच्या वेळेला लॅपटॉप बगलेत मारून हजर.

"काका, फक्त एकदा नजर टाका."

साठेक पानांचा प्रकल्प अहवाल. सुरुवातीची पानं भारतीय मसाल्यांच्या बाजारपेठेवर, मग ॲप, मग तिसऱ्या वर्षी दुबई. माल मात्र कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला. गेल्या वर्षीची विक्री 24 लाख, येत्या वर्षीची 2 कोटी.

"मधे काय होणार आहे?" मी विचारलं.

"कांडप यंत्र येणार आहे."

कर्ज अधिकारी बाजारपेठेची पानं अंगठ्याखालून सोडून देतो. तो जीएसटीची विवरणपत्रं आणि चालू खात्याचा उतारा शेजारी ठेवतो. तिथे 24 लाख दिसल्यावर 2 कोटींकडे कसं बघायचं, हे मला ठाऊक आहे. मी नोकरीभर तसंच बघत आलो. दुबई रद्द झाली. ॲप गेलं. विक्री 40 लाखांवर आली, तेव्हा पुतण्याचा चेहरा लग्न मोडल्यासारखा झाला होता.

खरी गंमत पुढे होती. यंत्राला 10 लाख लागणार, त्यातले अडीच लाख स्वतःचे आणि साडेसात लाखांचं मुदत कर्ज, इथवर सगळं व्यवस्थित. पण मिरचीला पैसे कुठून आणायचे, हे साठ पानांत कुठेच नव्हतं.

"ते विक्रीतून येतातच की."

"मिरची कधी घेतोस?"

"मार्च-एप्रिलला. वर्षाची."

"रोख?"

"रोख."

"आणि दुकानदार पैसे कधी देतात?"

तो जरा थांबला. "देतात... दीड महिन्यात."

छोट्या उद्योगाच्या खेळत्या भांडवलासाठी नायक समितीचा सोपा हिशेब आहे: अंदाजित विक्रीच्या 25 टक्के गरज धरायची, त्यातले 20 टक्के बँकेने द्यायचे, 5 टक्के उद्योजकाने. म्हणजे 40 लाखांवर गरज 10 लाख. बँकेचे 8, याचे 2. पण या हिशेबाच्या पोटात एक गृहीतक आहे, की पैसा दर तीन महिन्यांनी फिरून परत येतो. मिरचीला हे कोणी सांगितलेलं नाही. वर्षाची मिरची म्हणजे 8 लाख, दुकानदारांकडे अडकलेले 5 लाख आणि लसूण-खोबऱ्यापासून मजुरीपर्यंत किरकोळ 1 लाख. झाले 14. आणि कॅश क्रेडिटची मर्यादा 8 लाखांची मिळाली तरी गोदामातल्या 8 लाखांच्या मालावर बँक चतुर्थांश मार्जिन कापून 6 लाखच उचलू देते. उधारीवर आणलेला माल तर त्या मोजणीत धरतच नाहीत.

"मग मिरचीच घेऊ नको का?" पुतण्या हताश.

अर्धी घ्यायची. उरलेली पावसाळ्यानंतर शीतगृहातून. किलोमागे चार पैसे जास्त पडतील, पण त्या मिरचीचा रंगही टिकलेला असतो. मिरची 4 लाखांवर आली, बेरीज 10 लाखांवर. नायक समिती आणि आमचं घर यांचं एकमत झालं.

रात्री दोनला नवा पेच. ताळेबंदाच्या दोन बाजू जुळेनात. मालमत्ता 1,50,000 ने जास्त. पुतण्याने अत्यंत निरागसपणे विचारलं, "देण्यांत 'इतर' म्हणून टाकून देऊ?" बाळा, असल्या 'इतर'वर बोट ठेवून मी कितीतरी फाइली परत पाठवल्या आहेत. फरक असा गोल आकडा असला की तो आपलं नाव सांगत असतो. 10 लाखांच्या यंत्रावर 15 टक्के घसारा किती? दीड लाख. तो नफ्यातून वजा केला होता, यंत्राच्या किमतीतून करायचा राहिला होता. एक आकडा बदलला आणि ताळेबंद जुळला. पुतण्याने इतक्या मोठ्याने "जुळला!" म्हटलं की आमच्या सौ. उठून बाहेर आल्या. त्यांना वाटलं, पत्रिका.

आता अहवाल अकरा पानांचा होता. कर्जफेडीची क्षमता आधी 8 पट दिसत होती, ती 1.7 वर आली. 8 पट दिसली की अधिकाऱ्याला प्रश्न पडतो, मग हा कर्ज मागतोच कशाला?

सकाळी बँकेत साहेबांनी म्हणे पाच मिनिटांत पानं चाळली आणि एकच गोष्ट मागितली: गोदामाचा भाडेकरार आणि मालकाचं संमतिपत्र, कारण तारण राहणारा माल तिथेच असणार. गोदाम म्हणजे आमच्या दादांच्या वाड्याची मागची खोली. खर्च खरा दिसावा म्हणून आम्ही रात्री महिना 6,000 रुपये भाडं लावलं होतं.

दादांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं.

"मी सही करतो," ते म्हणाले, "पण गेल्या वर्षीचं कुठाय?"