वीस मिनिटं मागणाऱ्या अनोळखी महोदयांस



लिंक्डइनवर आपण धाडलेल्या संदेशाबद्दल शतशः आभार. त्यात माझ्या जागी दुसऱ्याच कुण्या सरांचं नाव राहून गेलंय, पण आदर पोचला. तो त्यांच्याकडे पुढे पाठवू का?

‘तुमचा प्रवास फारच प्रेरणादायी आहे,’ असं आपण लिहिलंत. शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपपासून मेथडिंगपर्यंत पोचलो, एवढाच हा प्रवास. त्यातलं नेमकं काय भावलं ते गुलदस्त्यात ठेवलंत, हे बरं केलंत. स्तुती मोघम असली की शंभर जणांना पुरते.

वीस मिनिटांत बोलायचं काय, हेही सांगितलं नाहीत. माझी तयारी वाचली. आपण नोकरी मागणार, मशीन विकणार की विमा उतरवणार, या तर्कात दुपारचा चहा गार झाला एवढंच.

शिवाय वेळ ठरवायला स्वतःच्या कॅलेंडरची लिंक पाठवलीत! मागणाऱ्याने देणाऱ्याला टोकन द्यावं, ही रीत मला नवीन होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘सर, एनी अपडेट?’ आणि संध्याकाळी नुसतं प्रश्नचिन्ह. इतकी आस्था तर आमचे वसुलीवालेही दाखवत नाहीत.

नाहीतर परवा एका मुलीने काय लिहिलं बघा: ‘मी दोन वर्षं पंप कास्टिंगच्या इन्स्पेक्शनमध्ये आहे, मेथडिंगकडे वळायचंय. व्हॉल्व्ह बॉडीतल्या श्रिंकेजवरचं तुमचं बोलणं ऐकलं होतं. आमच्याकडे फ्लँजच्या जाड भागात सिम्युलेशन सगळं ठीक दाखवतं, पण मशिनिंग झालं की पोकळी उघडी पडते. अशा वेळी तुम्ही आधी रायझर तपासता की ओतण्याचं तापमान? बुधवारी किंवा गुरुवारी सहानंतर वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? जमत नसेल तर दोन ओळींचं उत्तरही पुरेल.’

काय हा रोखठोकपणा! प्रवासाचं कौतुक नाही, रेझ्युमे नाही. कोण, मलाच का, काय हवंय आणि कधी, सगळं मोबाईलच्या एका पडद्यात मांडून मोकळी. वर नकाराची वाटही स्वतःच करून दिलेली, त्यामुळे मला बहाणा शोधायलाही वाव उरला नाही.

प्रश्नही असा, की मला गप्प बसवेना. आधी भट्टीची नोंदवही काढ, फोनवर म्हटलं. सिम्युलेशनला आपण जे तापमान सांगतो, त्याच तापमानाला धातू ओतला जातो असं थोडंच आहे? शेवटच्या साच्यापर्यंत ते उतरलेलं असतं. तिथे जुळलं, तर मग रायझरकडे बघायचं.

वीस मिनिटं होताच तिनेच आभार मानून फोन आवरता घेतला. नोकरीचा शब्दही काढला नाही. आमच्याकडे मेथडिंगमध्ये एक जागा निघतेय, हे शेवटी मलाच घाईघाईने सांगावं लागलं. इतकं भिडस्त राहून कसं चालायचं हिचं?

आपण मात्र शैली बदलू नये, ही हात जोडून विनंती. आजचं प्रश्नचिन्ह अजून आलेलं नाही. प्रकृती बरी आहे ना?

आपला नम्र,
एक मेथड इंजिनिअर