वहिनींचा दुसरा नंबर

दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे डोंबिवलीच्या आमच्या वहिनींशी फोनवर बोलायचं असेल, तर निदान अर्धा किलो चकली मागवावी लागते. एरवी त्या फोन उचलत नाहीत. उचललाच तर "हां बोला, तिखट की कमी तिखट?" अशी सुरुवात करतात, आणि आपण सख्खे दीर आहोत हे पटवून देण्यात पुढची दोन मिनिटं जातात. घरगुती फराळाचा धंदा वाढत गेला, नंबर मात्र तोच राहिला. त्याच नंबरावर मुलाच्या शाळेचे निरोप, त्याच नंबरावर माहेर, आणि त्याच नंबरावर रात्री पावणेबाराला "चिवड्यात लसूण घालता का हो?" म्हणणारं गिऱ्हाईक.

तेव्हा धंद्याला वेगळा नंबर घ्यायचा ठरलं. अशा वेळी मत द्यायला आमच्या घरात माणसं कमी पडत नाहीत. न्यू जर्सीचा भाचा म्हणाला, "मामी, सिमकार्ड काय घेतेस? अ‍ॅपवर नंबर घे." तो शनिवार-रविवारी तबल्याच्या शिकवण्या घेतो आणि पालकांना गूगल व्हॉइसचा नंबर देतो. हा नंबर फोनमध्ये कुठे खोचावा लागत नाही. तो गूगलच्या खात्यात राहतो आणि कॉल अ‍ॅपमध्ये वाजतो. भाच्याने तो आपल्या खऱ्या नंबरावरही वाजेल असा जोडलाय, आणि सेटिंगमध्ये एक गंमत करून ठेवलीय: त्या वाटेने आलेल्या कॉलवर, करणाऱ्याच्या नंबराऐवजी त्याचा स्वतःचा गूगल व्हॉइसचा नंबर दिसतो. म्हणजे कॉल कुणाचा हे कळत नाही, पण कॉल तबल्याचा आहे एवढं कळतं. त्यावरून उचलायचा की नाही ते ठरतं. वैयक्तिक वापराला फुकट. मला त्याचा हेवा वाटला, हे लपवत नाही.

पण थोडं खोदून विचारल्यावर भाचा कबूल झाला की त्याच्या बँकेचा संकेतांक काही या नंबरावर येत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच बँका इंटरनेटवरचा नंबर ओळखतात आणि नाकारतात, त्यांना सिमवालाच लागतो. शिवाय तीन महिने त्या नंबरावरून काही हालचाल झाली नाही, तर गूगल तो परत घेऊ शकतं. उन्हाळ्यात शिकवण्या बंद ठेवायच्या असल्या तरी अधूनमधून कुणाला तरी फोन करत राहावं लागतं. मामीला तो अचानक महिन्याकाठी फोन का करू लागला होता, याचा उलगडा तेव्हा झाला.

गूगल व्हॉइसचा वैयक्तिक नंबर आपल्याकडे मिळत नाही. पण ही कल्पनाच इथे नव्हती असं नाही. जुलै 2018 मध्ये बीएसएनएलने ‘विंग्ज’ नावाने अ‍ॅपवरचा दहा आकडी नंबर आणला होता, सिमशिवाय चालणारा. शिवाय कंपन्यांना आभासी नंबर देणाऱ्या सेवा आहेत: गिऱ्हाईक एका नंबरावर फोन करतं, तो तुमच्या तीन माणसांच्या मोबाइलवर फिरतो, नोंद राहते. उलट फोन करायचा तर सेवा आधी तुम्हाला फोन लावते, मग गिऱ्हाईकाला, आणि दोन्ही टोकं जोडते. दहा माणसं ऑर्डरी घेत असतील तर हे झकास आहे. वहिनींकडे माणूस एकच, आणि तिचे दोन्ही हात बेसनात.

खरी अडचण मात्र वेगळी होती, आणि ती वहिनींनीच एका वाक्यात सांगितली. "पैसे कुठे येणार?" आपल्याकडे यूपीआयचं अ‍ॅप सुरू करताना फोन स्वतःहून एक एसएमएस पाठवतो, आणि तो फोनमध्ये बसलेल्या सिमवरूनच जावा लागतो. त्यावरून हे सिम, हा फोन आणि बँकेतला नंबर यांची गाठ बसते. अ‍ॅपमधल्या नंबराला असा एसएमएस पाठवायला सिमच नाही. म्हणजे गिऱ्हाईक ज्या नंबरावर चकल्या मागवणार, त्याच नंबरावर पैसे पाठवू शकणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपचंही वारं त्याच दिशेचं: नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग अ‍ॅपांना सांगितलं की खातं फोनमधल्या चालू सिमशी बांधलेलं ठेवा. अ‍ॅपचा नंबर बोलण्यापुरता असतो. इथे बोलणं हे धंद्यातलं सगळ्यात कमी काम.

सिम आलं. वहिनींच्या फोनमधला दुसरा खण मेमरी कार्डाशी वाटून घेतलेला, त्यामुळे मुंजीचे फोटो आधी लॅपटॉपवर हलवावे लागले. मग दोन्ही सिमना वेगळी रिंगटोन, नव्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. दोन दिवस शांततेत गेले.

तिसऱ्या दिवशी तक्रार आली की धंद्याचा फोन चालू असला की घरचा नंबर ‘संपर्कक्षेत्राबाहेर’ जातो. यात कंपनीचा दोष नाही. दोन सिमच्या बहुतेक फोनमध्ये दोन्ही सिम वाट बघत बसतात, पण बोलू शकतं एकच. एक बोलायला लागलं की दुसऱ्याचा नेटवर्कशी संबंध तुटतो. यावर उतारा आहे. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक सिमचे ‘अनरीचेबल’ असतानाचे कॉल दुसऱ्या सिमवर पाठवायचे आणि दोन्हीकडे कॉल वेटिंग चालू ठेवायचं. मग दुसरा कॉल चालू बोलण्यात टूं-टूं करत येतो. (पूर्वी *401# लावूनही कॉल वळवता यायचे. फसवणुकी वाढल्यावर ती सोय 15 एप्रिल 2024 पासून बंद आहे.)

वहिनी खूश झाल्या. रात्री नऊ वाजता त्यांनी धंद्याचं सिम सेटिंगमधून बंद केलं आणि निवांत बसल्या. सव्वानऊला घरचा नंबर वाजला: "अनारसे कधी मिळतील?" नेटवर्कच्या लेखी बंद केलेलं सिम आणि बोलण्यात गुंतलेलं सिम सारखंच, दोन्ही ‘अनरीचेबल’. दिवसा सोय म्हणून उघडलेल्या दारातून रात्री गिऱ्हाईक थेट घरात. रिंग घरची आणि आवाज गिऱ्हाईकाचा असला, की हे वळवणंच समजावं.

माझं म्हणणं, रोज रात्री वळवणं काढावं आणि सकाळी लावावं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि दोनातलं एकच वळवणं ठेवलं. घरचा नंबर लागला नाही तर कॉल धंद्याच्या नंबरावर यावा, उलट नाही. "गिऱ्हाईक पुन्हा फोन करतं, भाऊजी. आई करत नाही. ती रागावते."

सिम पाळायला खर्च आहेच. डिसेंबर 2024 च्या ट्रायच्या नियमानंतर फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक आले, 84 दिवसांना साधारण साडेचारशेचे. डेटा घरच्या सिमवरून चालतो. गणपती ते दिवाळी धंदा आणि पुढे सामसूम असली, तरी रिचार्ज सोडून चालत नाही, नाहीतर काही महिन्यांत नंबर दुसऱ्याला दिला जातो आणि त्या बापड्याला ऑक्टोबरात करंज्यांच्या ऑर्डरी येऊ लागतात.

व्यवस्था आता चोख आहे. फक्त आमच्या आत्यांना शोध लागलाय की धंद्याचा फोन दुसऱ्या रिंगला उचलला जातो. त्या पाव किलो शंकरपाळे सांगतात आणि मग सुनेबद्दल पाऊण तास बोलतात.