तुमच्या चॅटमुळे आमचा धंदा बसतोय

प्रति,
चॅटची संहिता लिहिणारे महाशय,
गरगर मिक्सर कंपनी (काल्पनिक)

महाशय,

मी ग्राहकसेवेच्या चॅटमधली वाक्यं लिहितो. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य तुमच्या वाचनात आलंच असेल. त्या घराण्यातल्या बऱ्याच वाक्यांचा मी पालक आहे. तुमची कंपनी अस्तित्वात नाही, हे मला माहीत आहे. पण अस्तित्वात नाही म्हणून माणसाने वाट्टेल तसं वागावं असं नाही. तुमच्या मदतनिसांना दिलेली संहिता माझ्या हाती पडली आणि माझी झोप उडाली. निषेध नोंदवण्यासाठी हे खुलं पत्र.

तुमचाच नमुना घेऊ. सकाळी पावणेआठला एक बाई लिहितात, ‘मिक्सर चालता चालता बंद पडला. वाटण अर्धवट आहे. अकराला पाहुणे येणारेत.’

या जागी आमच्याकडे आधी नमस्कार येतो. मग नोंदवलेला मोबाइल नंबर, खरेदीची तारीख, बिलाचा फोटो आणि सिरियल नंबर. सिरियल नंबर मिक्सरच्या बुडाला असतो. तो वाचायचा तर भांडं काढा, मिक्सर आडवा करा, चष्मा शोधा. तेवढ्यात ‘प्रतिसाद न मिळाल्याने’ चॅट बंद होतं आणि आमच्या खात्यावर एक तक्रार निकालात निघाल्याची नोंद होते. आमच्या खात्याचे आकडे असे उगाच चांगले येत नाहीत.

आणि तुम्ही काय लिहिता?

‘ताई, आधी दोनच गोष्टी सांगा. जळका वास किंवा धूर आला का? आणि बंद पडण्याआधी आवाज जड झाला होता का?’

‘वास नाही. आवाज घरघरल्यासारखा झाला होता. आत सुकं खोबरं आहे.’

‘मग बहुतेक मिक्सर बिघडलेला नाही, तापून थांबलाय. बटण शून्यावर आणा, प्लग काढा, भांडं उतरवा आणि दहा मिनिटं त्याला हात लावू नका. तोवर चहा टाका. चहाला मिक्सर लागत नाही.’

इथे मला पहिला धक्का बसला. विनोद तुम्ही पहिल्या वाक्यात केला नाहीत, तर दहा मिनिटांच्या थांब्यावर ठेवलात. जिथे बाईंना करण्यासारखं काही नाही आणि नुसतं बसून राहिलं तर रागच येईल, तिथे. शिवाय तो बाईंवर नाही. ‘इतकं भरायचं नसतं हो’ असा टोमणा मारायची आयती संधी होती, ती तुम्ही वाया घालवलीत. आमच्याकडे विनोद करायचा ठरला की तो नमस्कारालाच चिकटवतात, आणि मग ज्याचा मिक्सर बंद आहे त्याला हसरा चेहरा बघावा लागतो.

दुसरा धक्का असा, की तुम्ही कारण सांगता. दहा मिनिटं कशासाठी, हे कळलं तर माणूस थांबतो, हे आमच्या खात्याने इतकी वर्षं जपलेलं धंद्याचं गुपित आहे. पातं अडलं की मोटर जास्त वीज ओढते आणि तापते. बऱ्याच मिक्सरमध्ये ओव्हरलोड प्रोटेक्टर नावाचा छोटा भाग असतो. त्यात दोन धातूंची जोडपट्टी असते, ती तापली की वाकते आणि वीज तोडते. म्हणजे मोटर जळण्याआधी मिक्सरच काम सोडतो. पट्टी गरम असताना बटण कितीही दाबलं तरी ते आत टिकत नाही, म्हणून थांबायचं. एवढं सगळं तुम्ही चार ओळींत बसवलंत. आमच्याकडे ‘तांत्रिक कारणास्तव’ या दोन शब्दांत बसतं.

दहा मिनिटांनी तुमचा मदतनीस पुन्हा हजर.

‘आता मिक्सर आडवा करा. बुडाला एक लाल बटण बाहेर आलेलं दिसेल. ते दाबा, टक् असा आवाज येईल. आणि तो आडवा आहेच, तर शेजारच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर मला टाइप करून द्या. पुन्हा उलटवायला नको.’

हे वाचून मी कपाळावर हात मारला. नंबर तुम्हालाही हवाच होता. फक्त मिक्सर आपसूक आडवा होईपर्यंत तुम्ही तो मागितला नाहीत. प्रश्नाची जागा बदलली की प्रश्नाचा जाच जातो, हे वरिष्ठांच्या कानावर गेलं तर आमचा पहिल्या पानावरचा अख्खा फॉर्म उडेल.

पुढे तुम्ही बाईंना भांडं रिकामं करून खालची कपलर हाताने फिरवायला लावता. पातं सहज फिरलं तर दोष भरण्यात होता. अडलं तर भांड्याचा बुश जाम आहे, आणि मग मिक्सर सोडून फक्त भांडं दुरुस्तीला न्यायचं. नंतर भांडं न लावता मोटर क्षणभर चालवायची. ती नीट चालली, की खोबऱ्याचे तुकडे बारीक करून, भांडं अर्धंच भरून, आधी थांबून थांबून फिरवायचं आणि भुगा झाल्यावर थोडं पाणी. बाईंनी लिहिलं, ‘चाललं!’ आणि चॅट संपलं. ना तारे मागितलेत, ना ‘आणखी काही मदत करू का’ असं तीनदा विचारलंत.

फाटे वाचताना मात्र मी जरा गंभीर झालो. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तर कपलर झिजलेली असते. ती झिजणारी वस्तू, वॉरंटीत येत नाही, जवळच्या दुरुस्तीवाल्याकडेही बसवून मिळेल, असं तुम्ही सरळ लिहून टाकता. रिकामा मिक्सरही पुन्हा पुन्हा बंद पडत असेल तर घरगुती उपाय थांबवायचे आणि सर्व्हिस सेंटरची तारीख त्याच चॅटमध्ये द्यायची. नव्या मिक्सरला पहिल्या काही वेळा वॉर्निशचा सौम्य वास येतो, तो निराळा, हेही सांगता. आणि धूर किंवा जळका वास असेल, त्या फाट्यावर समासात लिहिलंय: ‘इथे विनोद नको. प्लग काढायला सांगा. बटण दाबायला सांगू नका.’ इतक्या संहिता लिहिल्या, पण कुठे हसायचं नाही हे मला आजवर कोणी लिहून दिलं नव्हतं.

तरीही मी निषेधावर ठाम आहे, कारण मला तुमच्यात एक खोट सापडली आहे. तुम्ही ‘लाल बटण’ लिहिता. कित्येक मिक्सरमध्ये ते काळं असतं, काळ्याच बुडात, एका खळग्यात, आणि बाहेर आलेलं असलं तरी जेमतेम बोटाला लागतं. माणूस लाल शोधतो, दिसत नाही, ‘आमच्या मिक्सरला बटणच नाही’ असं लिहितो आणि तिथून पुढे तुमचं चॅट आमच्या चॅटसारखं व्हायला लागतं. ‘लाल किंवा काळं, बोटाने चाचपून पाहा’ एवढं वाक्य तिथे घाला. आणि काही मिक्सरमध्ये हे बटण मुळातच नसतं. तेव्हा मॉडेल नंबर आधी लागेल, म्हणजे तुमची ती आडवा करण्याची युक्ती तिथे चालणार नाही.

दुरुस्ती झाली की कळवावे. तोवर झालेल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे.

आपला व्यथित,
एक पगारी दिलगीर